स्मोक अलार्म मध्येच ‘टीं’ करतो तेव्हा

अमेरिकेतल्या बहुतेक मराठी घरांना हा आवाज ओळखीचा आहे. पहाटे तीनच्या सुमाराला छताकडून एक बारीक, टोचणारं ‘टीं’ ऐकू येतं. मग सगळं शांत. डोळा लागतो न लागतो तोच पुन्हा ‘टीं’. मुलाकडे राहायला आलेल्या आईवडिलांना वाटतं, कुणाचा तरी फोन वाजतोय. सून फ्रिज तपासते, मुलगा लॅपटॉप तपासतो. शेवटी कुणीतरी खुर्चीवर चढतं, छतावरची पांढरी गोल डबी फिरवून खाली काढतं, तिच्यातली बॅटरी उपसतं आणि दोन्ही गोष्टी ड्रॉवरमध्ये टाकून झोपायला जातं. उद्या बघू, असं ठरतं. उद्या ऑफिस असतं, परवा मुलांची शाळा, आणि डबी ड्रॉवरमध्येच राहते.

नेमकी हीच गोष्ट जीव घेते. अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन या संस्थेने घरांना लागलेल्या आगींचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आहे. घरातल्या आगीत झालेल्या दर पाच मृत्यूंपैकी साधारण तीन मृत्यू अशा घरांत होतात, जिथे स्मोक अलार्म नव्हता किंवा होता पण चालू नव्हता. आग पुरेशी मोठी होती, अलार्मही बसवलेला होता, तरी वाजला नाही, अशी प्रकरणं या संस्थेने वेगळी काढून पाहिली. त्यातल्या जवळपास निम्म्या प्रकरणांत बॅटरी काढून ठेवलेली होती किंवा अलार्मचा वीजपुरवठा तोडलेला होता. आणखी साधारण पाव प्रकरणांत बॅटरी संपलेली होती. म्हणजे यंत्र क्वचितच दगा देतं. बहुतेक वेळा ते माणसानेच बंद केलेलं असतं, आणि त्यामागचं एक मोठं कारण म्हणजे न समजलेला बीप.

हा बीप म्हणजे त्या यंत्राने पाठवलेला निरोप असतो. तो वाचता आला तर पाच-दहा मिनिटांत प्रश्न सुटतो.

तीन आवाज, तीन अर्थ

घरातल्या प्रत्येकाला, अगदी पाहुण्यांनाही, तीन आवाजांमधला फरक ठाऊक असायला हवा.

पहिला आवाज आगीचा. मोठ्याने सलग तीन बीप, किंचित थांबा, पुन्हा तीन बीप, आणि हे न थांबता चालू राहतं. हा आवाज आला की कारण शोधत बसायचं नाही. घरातून बाहेर पडायचं आणि बाहेर गेल्यावर 911 ला फोन करायचा.

दुसरा आवाज कार्बन मोनॉक्साइडचा. यात चार झटपट बीप, मग काही सेकंदांची शांतता आणि पुन्हा चार बीप असतात. गॅसवर चालणारी भट्टी, पाणी तापवायचा गॅसचा बंब किंवा बंद गॅरेजमध्ये चालू राहिलेली गाडी यांतून हा वायू घरात साठू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. त्यामुळे काहीच दिसत नसलं तरी लगेच मोकळ्या हवेत जायचं आणि तिथूनच मदत मागवायची.

तिसरा आवाज म्हणजे आपला पहाटेचा ‘टीं’. तो एकच, छोटा असतो, आणि साधारण तीस ते साठ सेकंदांनी एकदा येतो. त्याचा अर्थ आग लागली असा नाही, यंत्रालाच काहीतरी हवं आहे असा आहे. बहुतेक वेळा त्याला नवी बॅटरी हवी असते. कधी त्याचं वय संपलेलं असतं, तर कधी आत धूळ किंवा बिघाड असतो. काही कंपन्या या कारणांसाठी बीपची संख्या वेगळी ठेवतात, म्हणजे बॅटरीसाठी एक आणि वय संपल्यावर लागोपाठ अनेक. हा तक्ता बहुतेक अलार्मच्या पाठीवरच छापलेला असतो. म्हणून बीप मोजा आणि डबी उलटी करून वाचा.

पहाटेच का?

दिवसभर गप्प असलेला अलार्म नेमका पहाटेच का बोलतो, याला साधं कारण आहे. बॅटरीतली वीज रासायनिक क्रियेतून तयार होते आणि थंडीत ही क्रिया मंदावते. अलार्म ठरावीक वेळाने स्वतःच्या बॅटरीचा व्होल्टेज तपासत असतो. तो ठरलेल्या पातळीखाली गेला की बीप सुरू होतो. बॅटरी संपत आली असेल तर दिवसाच्या उबेत ती या पातळीच्या जेमतेम वर राहते. रात्री हीटिंग कमी केलेलं असतं आणि पहाटे घर सर्वांत गार असतं, तेव्हा ती खाली घसरते. सकाळी घर तापलं की व्होल्टेज पुन्हा थोडा वर येतो आणि बीप आपोआप थांबतो.

इथेच फसगत होते. सकाळी आवाज थांबला म्हणजे ‘आपोआप बरं झालं’ असं वाटतं. खरं तर बॅटरीचे शेवटचे दिवस चालू असतात. अमेरिकन मानकानुसार अलार्मने बॅटरी संपत आल्याची सूचना किमान सात दिवस देत राहायला हवी. तेवढीच मुदत धरून चाला. घरचे महिनाभर सुट्टीला भारतात गेले आणि ही मुदत त्या काळात संपून गेली, तर परत आल्यावर घर शांत असेल, पण ती शांतता फसवी असेल.

एडिसनमधलं एक घर

आता एक उदाहरण पायरीपायरीने सोडवू. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये 2014 साली बांधलेलं दुमजली टाउनहाऊस आहे, असं धरा. खाली तळघर, पहिल्या मजल्यावर स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली, वर तीन बेडरूम. तिन्ही बेडरूममध्ये एकेक अलार्म आहे, वरच्या पॅसेजमध्ये धूर आणि कार्बन मोनॉक्साइड दोन्ही ओळखणारा एक आहे, पहिल्या मजल्यावर एक आणि तळघरात एक. असे एकूण सहा. सगळे घरच्या विजेवर चालतात, तारेने एकमेकांना जोडलेले आहेत आणि वीज गेली तर प्रत्येकाच्या आत आधाराला एक बॅटरी आहे. आत्ताच्या कुटुंबाने हे घर 2019 मध्ये घेतलं. आज 2025 मधली हिवाळ्यातली पहाट आहे आणि बीप चालू झाला आहे.

पहिलं काम आहे तो कुठून येतोय ते शोधणं. हे वाटतं तितकं सोपं नाही. आवाज फार बारीक आणि क्षणभराचा असल्याने भिंतींवरून परततो आणि कानाला दिशा कळत नाही. आगीच्या वेळी जोडलेले सगळे अलार्म एकदम वाजतात, पण बॅटरीचा बीप फक्त ज्याची बॅटरी संपत आली तोच करतो. म्हणून घरभर धावू नका. एका अलार्मच्या खाली जाऊन मिनिटभर शांत उभं राहा, मग पुढच्याखाली. बऱ्याच अलार्मवरचा छोटा लाल दिवा बीपबरोबरच लुकलुकतो, तिकडे लक्ष ठेवा. छतावरचे सगळे निर्दोष निघाले तर भिंतीच्या सॉकेटमधला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म पाहा, आणि कुणीतरी पूर्वी काढून कपाटात ठेवलेला जुना अलार्मही पाहा. तोही बीप करत असू शकतो.

या घरात बीप मधल्या बेडरूममधून येतोय असं निघालं. आता डगमगणाऱ्या खुर्चीऐवजी पक्की घडीची शिडी घ्या. डबी डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेने थोडी फिरवली की बैठकीपासून सुटते. विजेवरच्या अलार्मच्या मागे तारांचा एक प्लग असतो. त्याच्या दोन्ही बाजूंचे कान दाबले की तो निघतो. छतातल्या तारांना हात लावायची गरज पडत नाही. तरीही खात्रीसाठी त्या भागाचा ब्रेकर आधी बंद केलेला बरा.

बॅटरीच्या झाकणाच्या आत कोणती बॅटरी चालते ते लिहिलेलं असतं. काही अलार्मना नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी लागते, काहींना पेन्सिल सेल. जी लिहिली आहे तीच घाला. लिथियम चालेल असं लिहिलं असेल तर ती जास्त टिकते. रिचार्जेबल बॅटरी मात्र बहुतेक अलार्मना चालत नाही. तिचा व्होल्टेज मुळातच थोडा कमी असतो आणि वापर नसला तरी ती हळूहळू उतरत जाते, त्यामुळे धोक्याची सूचना वेळेवर मिळेल याचा भरवसा राहत नाही. टीव्हीच्या रिमोटमधली अर्धी वापरलेली बॅटरी इथे बसवणं तर पूर्णपणे टाळा. नव्या बॅटरीवर आजची तारीख मार्करने लिहा, अधिक-उणे टोकं जुळवून ती बसवा, झाकण खट आवाज येईपर्यंत लावा. प्लग जोडा, डबी जागेवर फिरवा, ब्रेकर चालू करा आणि शेवटी टेस्टचं बटण दाबा. बटण दाबून खणखणीत आवाज आला म्हणजेच काम झालं.

काढलेल्या नऊ व्होल्टच्या बॅटरीबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. हिची दोन्ही टोकं एकाच बाजूला, अगदी जवळजवळ असतात. ड्रॉवरमध्ये किल्ली, नाणं किंवा कागदाची पिन दोन्ही टोकांना एकदम टेकली की बॅटरी शॉर्ट होऊन तापते आणि आजूबाजूचे कागद पेटू शकतात. अशा आगी प्रत्यक्षात लागल्या आहेत. जी बॅटरी अलार्मसाठी कमी पडते तिच्यातही एवढी ताकद शिल्लक असते. म्हणून काढल्याबरोबर टोकांवर चिकटपट्टी लावा.

नवी बॅटरी घातली, तरी ‘टीं’!

एडिसनच्या घरात नेमकं हेच होतं. दहा मिनिटं शांततेत गेली आणि बीप पुन्हा सुरू झाला. अशा वेळी माणूस वैतागतो आणि अलार्मच काढून टाकतो. त्याऐवजी चार गोष्टी क्रमाने पाहायच्या.

आधी झाकण नीट बसलंय का आणि बॅटरी उलटी तर नाही ना, हे पाहा. मग बॅटरीच्या अंगावरची मुदतीची तारीख वाचा. दुकानात खूप दिवस पडून राहिलेली बॅटरीही कमी पडते. तिसरी गोष्ट म्हणजे अलार्मच्या सर्किटमध्ये थोडी वीज साठून राहते आणि त्यामुळे जुनी तक्रार पुसली जात नाही. यासाठी प्लग आणि बॅटरी दोन्ही काढून टेस्टचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा. कधी त्यातून क्षीणसा आवाज येऊन थांबतो. मग सगळं पुन्हा जोडा. चौथी गोष्ट धूळ. डबीच्या कडेच्या फटींवरून व्हॅक्यूम क्लीनरचा मऊ ब्रश फिरवा. तिथे कोळ्याचं जाळं किंवा बारीक किडा अडकलेला असतो. आत पाणी किंवा साफसफाईचा स्प्रे कधीही मारू नका.

या घरात चारही गोष्टी करून झाल्या आणि बीप थांबला नाही. तेव्हा डबी उलटी करून मागची चिठ्ठी वाचली. तिच्यावर बनवल्याचा महिना होता मार्च 2014. उत्तर तिथेच मिळालं. स्मोक अलार्मचं आयुष्य बनवल्याच्या तारखेपासून दहा वर्षं धरलेलं आहे. या दहा वर्षांत आतला सेन्सर मळतो, इलेक्ट्रॉनिक भाग थकतात आणि धूर वेळेवर ओळखण्याची खात्री कमी होत जाते. घर 2019 मध्ये घेतलं म्हणून अलार्म सहा वर्षांचेच आहेत असं या कुटुंबाला वाटत होतं. पण अलार्मचं वय आपण घरात आलो त्या दिवसापासून मोजायचं नसतं. बनवल्याची तारीख डबीच्या पाठीवर असल्याने ती खाली काढल्याशिवाय दिसत नाही, आणि बीप झाल्याशिवाय कुणी ती खाली काढत नाही.

एकाची मुदत संपली म्हणजे उरलेल्या पाचांचीही संपलेली असणार, कारण सगळे एकाच वेळी बसवले होते. पॅसेजमधल्या धूर आणि कार्बन मोनॉक्साइडच्या जोड-अलार्मचं आयुष्य तर अनेकदा दहा वर्षांहून कमी असतं. त्याच्या पाठीवरची तारीख वेगळी वाचावी लागते. ज्यांना छोटा पडदा असतो ते मुदत संपल्यावर END असं दाखवतात. इथे योग्य उपाय एकच, सहाही अलार्म नवे घेणं. सगळे एकाच कंपनीचे, एकमेकांशी जुळणारे घ्यायचे, नाहीतर एक वाजला तरी बाकीचे गप्प राहतील. जुन्या बैठकीवर नवा अलार्म बसत नसेल किंवा प्लग जुळत नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा.

दहा वर्षांची सीलबंद डबी

बॅटरी काढून ठेवण्याच्या सवयीवर अमेरिकेने शोधलेला उपाय म्हणजे सीलबंद अलार्म. यात दहा वर्षं टिकणारी लिथियम बॅटरी कारखान्यातच आत बसवून बंद केलेली असते. ती काढता येत नाही, बदलता येत नाही. म्हणून ती रिमोटमध्ये जाऊ शकत नाही आणि पहाटे वैतागून उपसताही येत नाही. कॅलिफोर्नियात 2014 पासून आणि न्यूयॉर्क राज्यात 2019 पासून, फक्त बॅटरीवर चालणारे अलार्म विकायचे तर असेच विकावे लागतात. न्यू जर्सीत 2019 पासून एक किंवा दोन कुटुंबांचं घर विकताना किंवा नव्या भाडेकरूला देताना, बॅटरीवरचे अलार्म असतील तर ते दहा वर्षांचे सीलबंदच असावे लागतात. विजेवरचे अलार्म चालतात. एडिसनचं घर 2019 मध्ये विकलं गेलं तेव्हा त्याचे अलार्म विजेवरचे आणि पाचच वर्षांचे होते, त्यामुळे तपासणीत काही अडलं नाही. स्कॉटलंडमध्येही फेब्रुवारी 2022 पासून प्रत्येक घरात एकमेकांशी जोडलेले अलार्म लागतात, आणि ते विजेवरचे किंवा दीर्घायुषी सीलबंद बॅटरीचे असावे लागतात.

सीलबंद अलार्मबद्दल तीन गोष्टी नीट समजून घ्यायला हव्यात.

एक, तो आपोआप सुरू होत नाही. काहींमध्ये डबी बैठकीवर फिरवून बसवली की बॅटरी जोडली जाते, काहींमध्ये कडेचा छोटा खटका सरकवावा लागतो. हे राहून गेलं तर छतावर नवाकोरा अलार्म दिसेल, पण तो बंद असेल. म्हणून बसवल्याबरोबर टेस्टचं बटण दाबून पाहायलाच हवं. खोक्यावर ‘दहा वर्षं’ लिहिलेलं असलं तरी विकत घेतानाच पाठीवरची तारीख वाचा. दुकानाच्या फळीवर वर्षभर पडलेली डबी घेतली तर आपल्या वाट्याला नऊच वर्षं येतात.

दोन, सीलबंद अलार्मने बीप सुरू केला तर त्याला पोटात बॅटरी घालायचा उपाय नाही. आधी ब्रशने धूळ काढून पाहा. तरी थांबला नाही तर पूर्ण डबी बदलायची. दहा वर्षांच्या आतच असं झालं तर वॉरंटीत बदलून मिळू शकते, म्हणून पावतीचा फोटो काढून ठेवा. स्क्रूड्रायव्हरने डबी उघडून बॅटरी काढायचा प्रयत्न करू नका, लिथियम बॅटरीला भोक पडलं तर ती पेटू शकते. टाकून देण्याआधी डबी कायमची बंद करायची सोय मागच्या बाजूला असते. बाणाच्या खुणेजवळची खाच स्क्रूड्रायव्हरने फिरवायची किंवा खटका सरकवायचा. असा बंद केलेला अलार्म पुन्हा चालू होत नाही, म्हणून नवा बसवल्यानंतरच जुना बंद करा. मग तो कचऱ्याच्या डब्यात न टाकता आपल्या गावाच्या घातक कचऱ्याच्या नियमाप्रमाणे द्या.

तीन, ज्या घरात अलार्म विजेवर चालतात तिथे ते काढून फक्त बॅटरीवरचे सीलबंद अलार्म लावू नयेत. विजेवरच्या जागी विजेवरचाच हवा. मात्र आधाराची बॅटरी दहा वर्षांची सीलबंद असलेले विजेवरचे अलार्मही मिळतात. एडिसनच्या घराला तेच योग्य. सहा डब्यांच्या बॅटऱ्या दरवर्षी बदलायचं काम त्यामुळे मिटतं.

फोडणीचा धूर

बॅटरी उपसण्याचं दुसरं कारण आपल्या स्वयंपाकघरात आहे. तेल तापून मोहरी तडतडली, हिरवी मिरची पडली की अलार्म वाजतो. तळणाच्या दिवशी, गौरी-गणपतीत उदबत्ती आणि कापूर लावल्यावर हे ठरलेलंच. म्हणून सणाच्या आदल्या दिवशी काही घरांत अलार्मवर प्लास्टिकची पिशवी बांधतात, आणि ती तशीच राहते.

त्यावर उपाय जागेचा आहे. शेगडीपासून अलार्म किमान दहा फूट, म्हणजे तीन मीटर लांब हवा. स्वयंपाकघराजवळचा अलार्म फोटोइलेक्ट्रिक प्रकारचा निवडा. यात एक प्रकाशाचा किरण असतो आणि धुराच्या कणांवरून तो विखुरला की अलार्म वाजतो. दुसरा, आयोनायझेशन प्रकार अमेरिशियम या किरणोत्सारी मूलद्रव्याच्या अत्यल्प अंशावर चालतो आणि स्वयंपाकाच्या बारीक कणांना जास्त पटकन वाजतो. भाजी करपून अलार्म वाजलाच तर बॅटरीला हात न लावता त्यावरचं हश बटण दाबा. साधारण दहा मिनिटं तो शांत राहतो आणि मग स्वतःहून पुन्हा सावध होतो. तेवढ्या वेळात खिडकी उघडा, चिमणी चालू करा. देवघर अलार्मच्या अगदी खाली असेल तर ते हलवलेलं चांगलं.

महिन्यातून एकदा, दहा मिनिटं

सीलबंद असो, विजेवरचा असो की साध्या बॅटरीचा, प्रत्येक अलार्मचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबायचं असतं. काम सोपं आहे, अडचण लक्षात राहण्याची. ज्या घरात संकष्टी पाळतात तिथे तोच दिवस धरा. संकष्टी महिन्याला एकदा येते, कॅलेंडरवर छापलेली असते आणि त्या संध्याकाळी चंद्रोदयापर्यंत घरचे सगळे बहुधा घरीच असतात. जे पाळत नाहीत त्यांनी पहिला रविवार ठरवावा.

घरात सगळ्यांना आधी सांगा, लहान मुलांना कान झाकायला सांगा. अलार्म एखाद्या सुरक्षा कंपनीला जोडलेला असेल तर त्यांना आधी फोन करा, नाहीतर दारात बंब येईल. मग बटण पाच ते दहा सेकंद दाबून धरा. हात पोचत नसेल तर झाडूच्या दांड्याच्या टोकाने दाबा. आवाज खणखणीत हवा, तीन-तीन बीपच्या ठेक्यात हवा. जोडलेले अलार्म असतील तर एकाचं बटण दाबल्यावर सगळे वाजायला हवेत, म्हणून दुसऱ्या माणसाला वरच्या मजल्यावर किंवा तळघरात उभं करा. पुढच्या महिन्यात वेगळ्या अलार्मचं बटण दाबून साखळी तपासली तरी प्रत्येक डबीचं स्वतःचं बटण दाबणं सोडू नका. आवाज क्षीण आला तर बॅटरी बदला, आलाच नाही तर अलार्म बदला.

या चाचणीची मर्यादाही जाणून घ्या. बटण दाबल्यावर भोंगा, बॅटरी आणि सर्किट ठीक आहेत एवढं कळतं. धूर डबीत शिरायची वाट मोकळी आहे की नाही, हे त्यातून पक्कं कळत नाही. म्हणून महिन्याच्या त्याच दिवशी फटींवरून ब्रश फिरवा, आणि घर रंगवताना अलार्मवर रंग लागू देऊ नका. काडेपेटी किंवा उदबत्तीने धूर देऊन चाचणी करू नका. त्याने सेन्सर काजळतो.

बॅटरी बदलायच्या दिवसाचीही सोय आहे. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ तासभर मागे करतात, तेव्हाच अलार्मच्या बॅटऱ्या बदला असं तिथली अग्निशमन दलं 1980 च्या दशकाच्या शेवटापासून सांगत आली आहेत. दिवाळी याच दिवसांच्या आसपास येते. दिवाळीची साफसफाई करताना शिडी निघालेलीच असते. तेव्हाच बॅटऱ्या बदला आणि पाठीवरच्या तारखा एका कागदावर उतरवून फ्रिजवर लावा.

आईवडील राहायला आले असतील तर या चाचणीत त्यांना जरूर सामील करून घ्या. साध्या अलार्मचा आवाज साधारण तीन हजार हर्ट्झचा, फार उंच पट्टीतला असतो. वय वाढलं की कानांना आधी उंच पट्टीचेच आवाज कमी ऐकू येतात. त्यामुळे श्रवणयंत्र काढून झोपलेल्या आजोबांना तो ऐकू येईलच असं नाही. त्यांच्या खोलीसाठी 520 हर्ट्झचा, खालच्या पट्टीचा अलार्म मिळतो, तो जास्त खात्रीने जागं करतो. झोपलेली लहान मुलंही अनेकदा या आवाजाने उठत नाहीत. म्हणून अलार्म वाजला तर कुणी कुणाला उठवायचं आणि बाहेर कुठे जमायचं, हे त्याच दिवशी ठरवून टाका.

मुंबई-पुण्यातल्या उंच टॉवरमध्ये राहणाऱ्यांनी एक फरक लक्षात ठेवावा. तिथे छतावर दिसणारी डबी बहुधा नुसती डिटेक्टर असते. तिच्यात बॅटरी नसते, भोंगा नसतो, ती तारेने इमारतीच्या फायर पॅनेलला जोडलेली असते. तिच्यावर दाबायला बटण नाही. तिथे सोसायटीला विचारायचं, की पॅनेल चालू आहे का आणि शेवटची तपासणी कधी झाली. घराच्या सजावटीत ती डबी फॉल्स सीलिंगखाली झाकली गेली असेल तर ती निकामी झाली आहे, असंच समजा.

ज्यांच्या घरी स्मोक अलार्म आहे त्यांना एवढीच विनंती. हा लेख वाचून झाल्यावर एक अलार्म खाली काढा आणि त्याच्या पाठीवरची तारीख वाचा. दहा वर्षं झाली नसतील तर जागेवर लावून बटण दाबा. झाली असतील तर या आठवड्यातच नवा आणा. आणि ड्रॉवरमध्ये बॅटरी काढलेला एखादा अलार्म पडून असेल, तर आज झोपण्याआधी त्याची तारीख पाहून, मुदत उरली असेल तर नवी बॅटरी घालून तो छतावर परत लावा.